ओलसर बोट आणि काच

मे महिन्यातली रत्नागिरी. दुपारचे चार वाजले तरी दोरीवरचे कपडे दमटच होते. माझा भाचा पंख्याखाली बसून बीजीएमआय खेळत होता आणि दर दोन मिनिटांनी अंगठे बनियनला पुसत होता. मॅच संपत आली होती, शेवटचा झोन लहान झाला होता आणि समोरचा माणूस झाडाआडून बाहेर आला. भाच्याने स्कोप उघडला, डाव्या तर्जनीने फायर दाबलं आणि वर उसळणारी बंदूक खाली ओढण्यासाठी उजवा अंगठा सरकवला. अंगठा जागचा हललाच नाही. मग एकदम सटकला आणि उरलेल्या गोळ्या त्या माणसाच्या पायाशी मातीत गेल्या.

"मामा, बोट अडकतं रे," तो म्हणाला. "आणि पहिल्या मॅचला नाही अडकत. तिसऱ्या-चौथ्या मॅचला अडकायला लागतं."

त्याच्या या दुसऱ्या वाक्यात खरी मेख आहे. या तक्रारीवर त्याने आधीच बरेच पैसे घातले होते. मॅट स्क्रीनगार्ड लावलं होतं, त्यावर फिंगर स्लीव्ह घालून खेळून पाहिलं होतं, बेबी पावडरचा डबा तर शेजारीच होता. एकेक वस्तू वाईट नव्हती, पण त्या एकमेकींना पूरक नव्हत्या. तसं का, हे समजायला आधी ओलसर कातडी काचेवर कशी वागते ते बघावं लागेल.

पाणी कधी चिकटवतं, कधी घसरवतं

बँकेतला रोखपाल नोटा मोजताना ओल्या स्पंजला बोट लावतो. थोड्या ओलीने बोटाची पकड वाढते, हे त्याला अनुभवाने माहीत असतं. न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर मात्र आपण घसरतो. दोन्हीकडे पाणीच आहे, फरक प्रमाणाचा आहे. बोट आणि काच यांच्यातलं घर्षण ओलीबरोबर आधी वाढत जातं, एका टप्प्यावर सर्वांत जास्त होतं आणि मग पाण्याचा सलग थर तयार झाला की पुन्हा उतरतं. कोरडं बोट बऱ्यापैकी सरकतं, भिजलेलं बोट घसरतं, आणि मधलं ओलसर बोट अडकतं.

कारण कातडीत आहे. बोटाच्या टोकावरचा वरचा थर केराटिनचा, म्हणजे नखं ज्या प्रथिनाची असतात त्याचाच असतो. कोरडा असताना तो कडक असतो आणि ठशाच्या उंचवट्यांच्या काही टोकांवरच काचेला टेकतो. ओल शोषली की तो मऊ पडतो, उंचवटे दबून पसरतात आणि काचेला प्रत्यक्ष चिकटणारं क्षेत्र वाढतं. कातडीचं घर्षण बहुतांशी या प्रत्यक्ष स्पर्शाच्या क्षेत्रावर चालतं. त्यामुळे तेवढ्याच दाबाने टेकवलेला अंगठा दहा मिनिटांनी सरकवायला जास्त जोर लागतो.

त्यातून काच पाणी शोषत नाही. घामाच्या ग्रंथींची तोंडं ठशाच्या उंचवट्यांवरच उघडतात. अंगठा काचेवर टेकून राहिला की तिथला घाम उडून जाऊ शकत नाही, तो कातडीतच मुरतो. काही सेकंद सलग टेकवलेल्या बोटाखालचंही घर्षण वाढताना दिसतं. म्हणून जॉयस्टिकवरचा डावा अंगठा, जो मॅचभर क्वचितच उचलला जातो, तो सर्वांत आधी जड होतो. टिचक्या मारणाऱ्या तर्जन्यांना हा त्रास जवळजवळ होत नाही. ही गोष्ट पुढे स्लीव्ह घेताना उपयोगी पडेल.

आता "पहिल्या मॅचला नाही अडकत" याकडे येऊ. तळहात आणि तळपाय यांच्या घामग्रंथी उष्णतेपेक्षाही मनावरच्या ताणाला लवकर प्रतिसाद देतात. परीक्षेच्या हॉलमध्ये थंडीतही पेन निसटतं, ते यामुळे. शेवटच्या झोनमध्ये श्वास रोखलेला असतो आणि तळव्यांना घाम फुटतो. खोलीत एसी लावला तर बाकीचं अंग सुकतं, हवा कोरडी झाल्याने थोडा फायदाही होतो, पण ताणाचा घाम थांबत नाही. नागपूरच्या मे महिन्यात निदान बोट उचललं की कोरड्या हवेत ते चटकन सुकतं. कोकणात आणि मुंबईत हवाच आधी पाण्याने भरलेली असते, तिथे तेवढीही सवड मिळत नाही.

खेळणाऱ्याला खरा त्रास होतो तो घर्षणाच्या बदलाचा. हात ठरावीक घर्षणाची सवय करून घेतो, मग ते थोडं जास्त असलं तरी चालतं. पण पहिल्या मॅचला एक आणि चौथ्या मॅचला दुसरंच असेल तर नेम जुळत नाही. ओलसर बोट आणखी एक खोड काढतं: ते आधी धरतं, जोर साठला की झटक्यात सुटतं, पुन्हा धरतं. दरवाजा ओढताना बिजागर कुरकुरत थांबत-सुटत सरकतं, तसं. बारीक नेम धरताना दोन-तीन मिलिमीटरचीच हालचाल करायची असते, आणि हे धरणं-सोडणं नेमकं तेवढ्या अंतरात घडतं. म्हणून सर्वांत गुळगुळीत वस्तू शोधण्यापेक्षा, तासाभराने जी पहिल्या मिनिटासारखीच वाटेल अशी वस्तू शोधावी.

आधी तपासून घ्या

दुकानात जाण्यापूर्वी बोट खरंच अडकतंय की फोन चुकतोय, हे ओळखायला हवं. अँड्रॉइड फोनमध्ये त्यासाठी फुकटचं साधन आहे. सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीच्या पानावर `Build number` वर सात वेळा टिचकी मारली की `Developer options` उघडतं. काही फोनमध्ये हे एखाद्या आतल्या पानावर असतं. त्यात `Pointer location` सुरू करा. आता बोट जिथून फिरेल तिथे स्क्रीनवर रेघ उमटते आणि वरच्या पट्टीत `P: 1 / 1` असे आकडे दिसतात. पहिला आकडा आत्ता किती बोटं टेकलेली आहेत तो, दुसरा या खेपेत एका वेळी जास्तीत जास्त किती मोजली गेली तो.

भाच्याला मी आधी हात धुऊन, पुसून, अंगठा सावकाश वरून खाली ओढायला सांगितला. रेघ सलग आली. मग त्याला दोन मॅच खेळू दिल्या आणि हात न पुसता तेच करायला लावलं. रेघ सलगच होती, पण तिच्यावरचे ठिपके एका ठिकाणी गर्दी करून बसले होते आणि त्यापुढे लांब मोकळी जागा होती. गर्दी म्हणजे अंगठा धरला गेला होता, मोकळी जागा म्हणजे सटकला. फोन प्रामाणिकपणे बोटाच्या मागे जात होता, अडकणारं बोटच होतं.

याच पानावर दुसरं चित्रही दिसू शकतं. बोट न उचलता आधीची रेघ पुसली जाऊन मध्येच नवी सुरू झाली, तर फोनला स्पर्श हरवलेला आहे. एकच बोट टेकवलं असताना पट्टीत `P: 2 / 2` आलं, तर फोनला नसलेलं बोट दिसतंय. पहिल्याचं कारण बहुधा काच आणि स्क्रीन यांच्यातली हवेची फट किंवा निकामी झालेली स्लीव्ह असते. दुसऱ्याचं कारण काचेवरचे घामाचे थेंब असू शकतात. स्क्रीनखाली पारदर्शक तारांची जाळी असते आणि बोट जवळ आलं की तिच्यातला विद्युतभार किंचित बदलतो, त्यावरून फोन बोटाची जागा ठरवतो. घाम खारट, म्हणजे वीजवाहक. बोटाला जोडलेला थेंब फोनला बोटाचाच भाग वाटतो.

नसलेल्या बोटाचा आणखी एक गुन्हेगार आहे, त्याचा घामाशी काही संबंध नाही. चार्जिंगला लावून खेळताना हलक्या प्रतीच्या चार्जरमधला विजेचा गोंगाट स्पर्शाच्या जाळीत उतरतो आणि बोट थरथरल्यासारखं दिसतं. अशा वेळी चार्जर काढून तीच रेघ पुन्हा ओढा. सरळ आली तर काच आणि स्लीव्ह यांवर पैसे घालवू नका.

काच

मोबाइलच्या दुकानात काचेची ओळख आकड्यांनी करून दिली जाते. "काका, ही घ्या, अकरा डी आहे, नाइन एच," असं मला सांगितलं गेलं. नाइन एच हा पेन्सिलीच्या शिशाच्या कडकपणाचा आकडा आहे. सर्वांत कडक पेन्सिलीने ओरखडा उठत नाही, एवढाच त्याचा अर्थ. वाळूच्या कणाने तीच काच ओरखडते. अकरा डी, एकवीस डी हे काचेच्या कडेला दिलेल्या गोलाईचे आणि काळ्या पट्टीचे व्यापारी आकडे आहेत, मोजमाप नाही. बोट कसं सरकेल याचा या दोन्हींशी संबंध नाही.

सरकण्याचा संबंध आहे तो वरच्या पृष्ठभागाशी. चांगल्या टेम्पर्ड काचेवर फ्लोरिनयुक्त रसायनाचा अतिशय पातळ लेप असतो. त्याची जाडी नॅनोमीटरमध्ये मोजावी लागते. तेल आणि पाणी त्याला धरत नाहीत. फोनच्या मूळ काचेवर असा लेप आयफोनमध्ये पहिल्यांदा 2009 साली थ्री जीएस या मॉडेलवर आला आणि आता बहुतेक फोनवर असतो. नवीन फोनवर बोट लोण्यासारखं फिरतं ते या लेपामुळे. स्वस्त काचेवर हा लेप नावालाच असतो आणि काही आठवड्यांत अंगठ्याच्या जागेवरून झिजून जातो. मग उरते उघडी काच, आणि ओलसर बोट तिला धरून बसतं.

लेप आहे की गेला, हे पाण्याच्या एका थेंबाने कळतं. फोन बंद करून आडवा ठेवा आणि काचेच्या मधोमध थेंब सोडा. अळवाच्या पानावरच्या थेंबासारखा तो गोल फुगून राहिला आणि फोन तिरका करताच ओघळून गेला, तर लेप शाबूत आहे. थेंब पसरून सपाट झाला तर लेप गेला. मधोमध पाहून झालं की अंगठ्यांच्या जागीही थेंब सोडा. पुष्कळदा मधला गोल राहतो आणि डाव्या कोपऱ्यातला पसरतो.

मॅट काच वेगळ्या मार्गाने काम करते. तिचा पृष्ठभाग आम्लाने किंचित खडबडीत केलेला असतो. मॅट फिल्म असेल तर तिच्या लेपात बारीक कण मिसळलेले असतात. बोट फक्त त्या सूक्ष्म टेकड्यांच्या माथ्यावर टेकतं, त्यामुळे प्रत्यक्ष स्पर्शाचं क्षेत्र कमी राहतं, आणि घामाला बाजूला सरायला मधल्या खाचा मिळतात. ओलसर बोटाचं चिकटणं त्यामुळे बरंच कमी होतं. उघड्या बोटाने खेळणाऱ्या घामट हाताच्या माणसाला मी नि:शंकपणे मॅट घ्यायला सांगेन.

तिची किंमत डोळ्यांना मोजावी लागते. मॅट काचेतून चित्र थोडं धुरकट दिसतं आणि पांढऱ्या भागावर रंगीत चुरा विखुरल्यासारखा दिसतो. बीजीएमआयमध्ये दूरच्या गवतात लपलेला माणूस काही ठिपक्यांएवढाच असतो. तो शोधताना हा चुरा आड येतो. उलट खिडकीसमोर किंवा ट्यूबलाइटखाली बसून खेळत असाल तर चकचकीत काचेवरची चमक त्याहून जास्त त्रास देते. दुकानात काच निवडताना फोनवर एखादा स्थिर, हिरवा, बारीक तपशिलाचा स्क्रीनशॉट उघडून त्यावर काच नुसती ठेवून बघा. दुकानदाराची हरकत नसते.

मॅटचं आणखी एक दुखणं म्हणजे तेल. तळहाताला तेलग्रंथी नसतात. बोटावरचं तेल चेहऱ्याचं, केसांना लावलेल्या खोबरेलाचं किंवा मॅचमध्ये खाल्लेल्या चिवड्याचं असतं. ते खाचांत भरलं की मॅट काच तेवढ्या जागी चकचकीत होते आणि सरकणं बिघडतं. खेळण्यापूर्वी हात साबणाने धुणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. काच किंचित ओल्या मायक्रोफायबर कापडाने पुसावी. घरातल्या आरशांसाठीचा अमोनियाचा स्प्रे मारू नये, त्याने लेप लवकर जातो. पुसूनही चकाकी जात नसेल तर खडबडीतपणा झिजला आहे आणि काच बदलायला आली आहे.

हायड्रोजेल नावाची मऊ फिल्म खेळणाऱ्यांनी टाळावी. ती वक्र कडांवर छान बसते, बारीक ओरखडे तिच्यावरून आपोआप नाहीसे होतात. पण मऊ वस्तूवर मऊ बोट टेकलं की दोन्ही दबतात, स्पर्शाचं क्षेत्र वाढतं आणि ओढ जास्त लागते.

काच बसवताना गोंद पूर्ण पृष्ठभागावर आहे ना, हे विचारा. काही काचांना फक्त कडेने गोंद असतो. मध्ये राहिलेल्या हवेच्या फटीमुळे स्पर्श कमजोर होतो आणि `Pointer location` वर रेघ तुटते. साधारण एक तृतीयांश मिलिमीटर जाडीची, पूर्ण गोंदाची काच चालते. जुन्या गार्डवर नवीन काच चढवून मात्र घेऊ नका.

कापड

फिंगर स्लीव्ह म्हणजे बोटाच्या टोकावर चढवायची, विणलेली, लवचीक टोपी. तिची युक्ती अशी की काचेला कातडी टेकतच नाही. घाम कापडात मुरतो आणि काचेवर सरकतो तो नायलॉन. तो केराटिनसारखा मऊ पडून चिकटत नाही, म्हणून पहिल्या आणि चौथ्या मॅचमधला फरक कमी होतो. आपल्याला हवी होती ती स्थिरता हीच.

पण नायलॉन वीज वाहून नेत नाही. म्हणून त्यात चांदीचा मुलामा दिलेले किंवा कार्बनचे धागे विणतात. चांदीचे धागे पातळ आणि संवेदनशील, कार्बनचे तुलनेने जाड पण टिकाऊ. पाकिटावर अठरा नीडल, चोवीस नीडल असं लिहिलेलं असतं. ते विणणाऱ्या यंत्राच्या सुयांचं माप आहे. जितक्या जास्त सुया, तितकी वीण बारीक आणि कापड पातळ. पातळ स्लीव्हमधून बोटाला काच जाणवते, जाडमधून जाणवत नाही, पण जाड स्लीव्ह घाम जास्त पिते. ज्याच्या तळव्यांना खूप घाम येतो त्याने अतिपातळ स्लीव्हच्या मागे लागू नये, ती दुसऱ्या मॅचलाच भिजते.

आणि भिजलेली स्लीव्ह हीच सर्वांत वाईट अवस्था. कापड घामाने गच्च झालं की त्यातलं पाणी काचेवर फिल्मसारखं पसरतं आणि ओलं फडकं काचेवर ओढल्यासारखी ओढ लागते. भाच्याची अडचण इथेच होती. तो एकच जोडी तीन-चार तास चढवून ठेवत असे. मग स्लीव्ह जड झाली की काढून अंगठ्याला पावडर लावत असे. पावडर मॅट काचेच्या खाचांत बसत होती, घामाबरोबर तिचा लगदा होत होता, आणि पुढच्या वेळी कोरडी स्लीव्हही त्या लगद्यात अडकत होती.

स्लीव्ह वीज वाहते की नाही, हे घरी तपासता येतं. पेनाचं प्लास्टिकचं टोपण स्लीव्हमध्ये घाला, टोकाच्या जवळचं कापड बाहेरून चिमटीत धरा आणि टोक स्क्रीनला टेकवा. आत बोट नसताना फोनने स्पर्श ओळखला, तर तुमच्या चिमटीपासून टोकापर्यंत चांदी जिवंत आहे. पाण्याने ओली असताना ही परीक्षा घेऊ नका, पाणी स्वतःच वीज वाहतं आणि उत्तर खोटं येतं.

चांदी संपते कशी, हे आपल्याकडे कोणालाही सांगावं लागणार नाही. घामाने पैंजण काळे पडतात तसेच हे धागेही काळे-पिवळे पडतात, आणि पैंजणापेक्षा लवकर, कारण मुलामा नाममात्र असतो. स्लीव्ह साध्या पाण्यात किंवा सौम्य साबणात चुबकावी, पिळू नये, सावलीत वाळवावी. कपड्यांची पावडर, ब्लीच, इस्त्री यांनी मुलामा जातो. टोपणाच्या परीक्षेत नापास झालेली स्लीव्ह फोनच्या दृष्टीने नुसतं कापड आहे. फोनमधलं ग्लोव्ह मोड किंवा टच सेन्सिटिव्हिटी वाढवून ती काही दिवस रेटता येते, पण मग वाढलेल्या संवेदनेमुळे घामाचे थेंबही बोटासारखे दिसू लागतात. मी तो मार्ग घेणार नाही.

मापाबद्दल एवढंच बघा. सैल स्लीव्हमध्ये आधी बोट सरकतं आणि मग कापड, तेवढा उशीर नेमात दिसतो. घट्ट स्लीव्हचा रबर अर्ध्या तासाने बोटावर वळ उठवतो आणि टोक बधिर होतं. बोटाच्या पेराच्या पुढे कापड लोंबत नसावं. टोकाशी शिवण असेल तर ती नखाच्या बाजूला फिरवून घ्या. आणि चारही बोटांना स्लीव्ह लागत नाही. सरकण्याचं काम अंगठे करतात, तर्जन्या फक्त टिचक्या मारतात. तर्जनीला उघडी ठेवली तर फायरचं बटण जास्त चांगलं जाणवतं आणि एका जोडीत दोन अंगठ्यांचं काम भागतं.

जोडी जमवणं

आता भाच्याच्या वस्तू पुन्हा एकत्र ठेवून बघू. मॅट काच उघड्या बोटासाठी चांगली, कारण ती मऊ कातडीला पसरू देत नाही. स्लीव्ह घातल्यावर पसरणारी कातडी काचेपर्यंत पोहोचतच नाही, म्हणजे मॅटचा मुख्य फायदा उरत नाही. उलट विणीचे धागे त्या सूक्ष्म टेकड्यांना घासतात, सरकणं खरखरीत होतं आणि कापड लवकर झिजून त्यावर गोळे येतात. कापडाला लेप शाबूत असलेली गुळगुळीत काच मानवते. काही जणांना मॅटवरची स्लीव्ह आवडते, कारण थोडी ओढ लागल्याने हात थांबवणं सोपं जातं. सावकाश, बेतून नेम धरणाऱ्याला ते जमू शकतं. पण ती निवड जाणूनबुजून केलेली असावी.

म्हणून निवडीची सुरुवात काचेपासून करू नये. आधी बोट उघडं ठेवायचं की झाकायचं ते ठरवावं. दिवसाला एखादी-दुसरी मॅच खेळणाऱ्याला मी उघडं बोट आणि मॅट काच सुचवेन. त्यात वाळवणं नाही, धुणं नाही, मध्ये फोन आला तर काही काढावं लागत नाही. सलग दोन-तीन तास खेळणाऱ्याला, विशेषतः किनारपट्टीवर, मॅट काच एकटी पुरत नाही. त्याने गुळगुळीत काच आणि स्लीव्ह घ्यावी.

भाचा दुसऱ्या गटातला. आम्ही मॅट गार्ड काढलं, पूर्ण गोंदाची चकचकीत काच बसवली आणि थेंब सोडून लेप तपासला. चोवीस नीडलच्या चांदीच्या स्लीव्हच्या दोन जोड्या घेतल्या. पावडरचा डबा पुन्हा न्हाणीघरात गेला. नियम एकच ठेवला: दोन मॅच झाल्या की लॉबीत जोडी बदलायची, उतरवलेली पंख्यासमोर पसरून ठेवायची, आणि नवी चढवण्यापूर्वी अंगठे कोरड्या सुती रुमालाने पुसायचे.

पहिल्या दिवशी त्याचा नेम बिघडला. स्लीव्हमुळे अंगठा सवयीपेक्षा पुढे जात होता, बंदूक गरजेपेक्षा जास्त खाली येत होती. हे अपेक्षित होतं. आम्ही ट्रेनिंग ग्राउंडमध्ये जाऊन एम फोर वन सिक्सच्या तीस गोळ्यांची मॅगझिन भिंतीवर एका दमात रिकामी करून बघितली, कॅमेऱ्याची सेन्सिटिव्हिटी थोडी कमी केली, पुन्हा झाडली. भोकांचा पुंजका उभा आणि एकत्र येईपर्यंत असं चाललं. मग दोन मॅच खेळून, स्लीव्ह न बदलता, त्याच भिंतीवर तीच मॅगझिन झाडली. पुंजका जवळजवळ तसाच आला. चार मॅचनंतर न बदललेल्या स्लीव्हने पुंजका फुटला आणि खाली सांडला. किती मॅचनंतर जोडी बदलायची याचं त्याचं उत्तर त्याला भिंतीवर मिळालं. तुमचं उत्तर वेगळं असेल, पण ते असंच शोधावं लागेल.

एक मर्यादा सांगायला हवी. खेळत नसतानाही, गार हवेतही तळव्यांतून घाम टपकत असेल, वहीचं पान ओलं होत असेल, तर तो काचेचा प्रश्न नाही. तळव्यांना अति घाम येणं हा वैद्यकीय त्रास आहे आणि त्यावर ॲल्युमिनियम क्लोराइडच्या औषधापासून सौम्य विद्युतप्रवाहाच्या उपचारापर्यंत इलाज आहेत. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं. स्लीव्ह बदलत बसू नये.

भाच्याने पुढच्या महिन्यात मला फोन केला तो वेगळ्याच अडचणीसाठी. पाऊस सुरू झाला होता आणि रात्री धुतलेल्या स्लीव्ह सकाळपर्यंत वाळत नव्हत्या. आता जून ते सप्टेंबर त्याच्याकडे दोनऐवजी चार जोड्या असतात.